लाटा–वाटा, वारा–किनारा: झिजलेली यमकं बदलताना अर्थ कसा टिकवायचा?

दर्याकाठची (मालवण)

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतल्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढतात त्यावर, एक कविता लिहिते आहे, अष्टाक्षरीत. पहिलं कडवं असं:

फेसाळत येती लाटा
बाबा मोजतात वाटा
झोंबे पहाटेचा वारा
गप्प बसला किनारा

अक्षरं बरोबर आहेत, चालीत वाचता येतं. पण ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं ते म्हणाले, "छान आहे", आणि पुढे काहीच बोलले नाहीत. एका मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं की लाटा–वाटा आणि वारा–किनारा कोकणावरच्या प्रत्येक दुसऱ्या कवितेत असतात. तिचं म्हणणं पटतं. मात्र दुसरं यमक शोधायला बसले की मला जे सांगायचं आहे तेच निसटतं. सैल यमक आणि ओळीच्या आतलं यमक वापरून यातून वाट निघते असं ऐकलं आहे. ते नेमकं कसं करतात? जमल्यास याच कडव्यावर करून दाखवा.

पोफळीचा_पार (अलिबाग)

वाटा या शब्दाला भरपूर यमकं आहेत. काटा, फाटा, सपाटा, बोभाटा, खराटा, धोपटा (हे जरा ओढून). वाराला धारा, पारा, सारा, निवारा, पसारा, इशारा, शहारा. ‘पहाटेचा शहारा’ फार सुंदर दिसेल. अजून हवी असतील तर सांगा, माझ्याकडे वहीत लिहून ठेवलेली आहेत.

मोकळी_ओळ

माझं मत वेगळं आहे. यमक जाचत असेल तर सोडून द्या. मुक्तछंदात लिहा. जे सांगायचं ते सरळ सांगता येतं, आणि यमकापायी कुठला शब्द आणावा लागत नाही. आजच्या कवितेला यमकाची गरज उरलेली नाही.

दर्याकाठची

पोफळीचा_पार, यादीबद्दल आभार, पण शब्द सापडत नाहीत ही अडचण नाही. शब्द सापडतात, आणि मग कविता त्यांच्या मागे जाते, ही अडचण आहे.

मोकळी_ओळ, ही कविता मला वाडीतल्या बायकांना वाचून दाखवायची आहे. त्यांच्या कानाला ताल लागतो. ताल सोडला तर त्या ऐकतील, पण त्यांच्या तोंडी राहणार नाही.

अक्षरगण (रत्नागिरी)

मोकळी_ओळ यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. यमकापायी शब्द आणावा लागला की अर्थ बिघडतो, हे खरंच. पण त्यावर यमक टाकून देणं हा एकच उपाय नाही. यमकाची पकड किती घट्ट ठेवायची हे आपल्या हातात असतं.

दर्याकाठची, आधी एक काम करा. या चार ओळींत काय घडलं ते गद्यात सांगा. कवितेची भाषा नको. शेजारणीला सांगाल तसं सांगा. त्याशिवाय कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला जाऊ द्यायचा ते ठरवता येणार नाही.

दर्याकाठची

बरं. बाबांना त्या दिवशी पोचायला उशीर झाला. होडीने जाळं सोडून झालं होतं आणि दोन्ही टोकांचे दोर निम्मे ओढून झाले होते. बाबा धावत गेले आणि उरलेला दोर ओढला. हाताची सालं निघाली. मासळी वाळूवर आली, ढीग लावले. उशिरा हात लावला म्हणून त्यांना अर्धाच वाटा मिळाला. त्यात अन्याय काही नव्हता, रीतच आहे ती. पण बाबा काही बोलले नाहीत. मासळीची पाटी उचलली आणि घरी आले. मी बरोबर होते.

अक्षरगण

आता हे गद्य आणि तुमचं कडवं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

गद्यात ‘वाटा’ म्हणजे मासळीतला हिस्सा. कडव्यातही तुम्ही तोच शब्द ठेवला आहे. पण त्याच्या आधी ‘लाटा’ आल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात वाळूतल्या पायवाटा उभ्या राहतात. लाटा आणि वाटा ही जोडी आपण इतक्यांदा ऐकली आहे, की दुसरा शब्द कानावर पडण्याआधीच त्याचा अर्थ ठरून गेलेला असतो. ‘बाबा मोजतात वाटा’ हे मीही पहिल्यांदा ‘बाबा वाट बघत बसलेत’ असंच वाचलं. अर्धा वाटा मिळाल्याची सगळी गोष्ट त्या एका जोडीत बुडाली.

दुसरं म्हणजे गप्प कोण होतं? बाबा. कडव्यात गप्प कोण आहे? किनारा. ‘वारा’ला जोड हवी म्हणून किनारा आला, आणि बाबांचं गप्प राहणं त्याने घेतलं. वारा तर गद्यात मुळात नाहीच.

म्हणजे झिजलेलं यमक नुसतं कंटाळवाणं असतं एवढीच तक्रार नाही. ते स्वतःचा ठरलेला अर्थ बरोबर घेऊन येतं आणि तुमचा अर्थ बाजूला सारतं. ओळखायची सोपी रीत सांगतो. ओळ मोठ्याने वाचा आणि यमकाचा शब्द यायच्या आधी थांबा. समोरच्याने तो शब्द पुरवला, तर जोडी झिजलेली आहे. ‘झोंबे पहाटेचा वारा, गप्प बसला…’ इथे थांबलात तर कुणीही किनारा म्हणेल.

आता कामाला लागू. गद्यातले न बदलता येणारे शब्द कोणते? माझ्या मते तीन: वाटा, गप्प आणि पाटी. हात सोलले हेही घ्यावं असं वाटतं, पण ते दुसऱ्या शब्दांत सांगता येईल. या तिघांना हात लावायचा नाही. यमक त्यांच्याकडे आलं पाहिजे, त्यांनी यमकाकडे जायचं नाही.

‘वाटा’ शब्द घट्ट यमकात बसवला तर पोफळीचा_पार यांची यादी उघडावी लागेल. सैल यमक तीन रीतींनी करता येतं. एक, दोन्ही स्वर तसेच ठेवायचे आणि मधलं व्यंजन बदलायचं: वाटा–माथा, वाटा–गाडा. दोन, पहिला स्वर आणि व्यंजन ठेवायचं, शेवटचा स्वर बदलायचा: वाटा–पाटी, वाटा–काटे. तीन, शेवटचं अक्षर ठेवायचं आणि त्याआधीचा स्वर बदलायचा: वाटा–छोटा, वाटा–ओटा. तिसरी रीत ओळीच्या शेवटी पोकळ वाटते, मात्र ओळीच्या आत ती चांगली काम देते.

दुसऱ्या रीतीत ‘पाटी’ आपोआप मिळाली. ती गद्यात होतीच, आणावी लागली नाही. म्हणून मी असं करून पाहिलं:

दोराने सोलले हात,
वाळूवर ढीग आठ;
धाकटा आमचा वाटा,
गप्प बाबा, गप्प पाटी.

हात–आठ हे त आणि ठ चं सैल यमक. दोन्हीत आ आहे, दोन्ही शब्द बंद होतात, म्हणून कान ते स्वीकारतो. ‘धाकटा… वाटा’ हे ओळीच्या आतलं. आणि शेवटी वाटा–पाटी. लाटा, वारा, किनारा तिघेही गेले. समुद्र मात्र गेला नाही, कारण दोर आहे, वाळू आहे.

झांजेचा_ठेका (गुहागर)

चर्चा वाचतो आहे. माझा अनुभव थोडा वेगळा पडतो. आमच्या गावात गणपतीत जाखडी असते, मी आमच्या मंडळाला गाणी लिहून देतो. गेल्या हंगामात मी अशीच सैल यमकं घातली होती. कागदावर छान दिसली. पण नाचात कोरस पडेना. गाणारा ओळ टाकतो, आणि मागच्या पोरांना शेवटचा शब्द उचलायचा असतो. त्यांना तो आधी कळला पाहिजे. तुम्ही म्हणता ना की समोरच्याने शब्द पुरवला तर जोडी झिजलेली? आम्हाला तो पुरवलेलाच हवा असतो. घुंगरू, ढोलकी, झांज यांच्या आवाजात नाजूक यमक ऐकूही येत नाही.

शिवाय वाटा–पाटी हे मी गाऊन पाहिलं. ‘टाऽऽ’ आणि ‘टीऽऽ’. जमत नाही.

अक्षरगण

झांजेचा_ठेका, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं.

गाताना आपण शेवटचा स्वर धरून ठेवतो. वाटा गायलं की कानात ‘आ’ घुमत राहतो, मग पाटीचा ‘ई’ आला की दोन्ही वेगळे पडतात. ट कुठेच ऐकू येत नाही, कारण तो क्षणात संपतो. वाचताना उलट होतं. शेवटचा स्वर आखूड होतो आणि ट ठसठशीत ऐकू येतो. म्हणून गायच्या रचनेत स्वर सांभाळावा आणि व्यंजन सैल सोडावं, वाटा–माथा असं. वाचायच्या कवितेत व्यंजन सांभाळून स्वर बदलला तरी चालतं. हात–आठ दोन्हीकडे चालेल, कारण गाताना दोन्हींच्या शेवटी ‘अ’च लांबतो.

तुमच्या गाण्यात धृपदाला घट्ट यमक ठेवा, कोरस तिथेच पडतो. मधल्या कडव्यांत, जिथे एकटा गाणारा असतो, तिथे व्यंजन सैल सोडून बघा.

झांजेचा_ठेका

धृपद घट्ट ठेवायचं हे पटलं. मधल्या कडव्यांबद्दल अजून खात्री नाही. समोरच्या पार्टीच्या शाहिराने ‘यमक चुकलं’ म्हणून सवाल टाकला तर काय उत्तर देणार? तिथे ऐकणारे दोनशे लोक त्याच्या बाजूने होतात. या वर्षी एका गाण्यात करून बघतो.

निळा_मचवा (देवगड)

आतलं यमक म्हणजे अनुप्रासच ना? मग ते सोपं आहे. मी करून बघितलं:

वाळूत वाट्यांची वाटणी,
वारा वाहतो वेल्हाळ…

एका ओळीत तीन तीन व आलेत. यमकाची गरजच संपली.

भरतीची_वेळ (हर्णै)

निळा_मचवा, दोन्हींत फरक आहे. अनुप्रासात तेच अक्षर परत परत येतं, तुमच्या ओळीत ते शब्दांच्या सुरुवातीला आलंय; यमकात शेवट जुळतो. सुरुवात जुळली की ओळ पुढे पळते. शेवट जुळला की कान मागे वळून आधीच्या शब्दाकडे बघतो. यमक करतं ते हेच: दोन शब्द एकमेकांसमोर उभे करतं. वाटा–पाटीमुळे हिस्सा आणि टोपली समोरासमोर येतात, म्हणून ते कडवं लागतं. तुमच्या ओळीत वाळू, वाट्या आणि वारा एका रांगेत आले, पण एकमेकांना काही सांगत नाहीत. आणि ‘वेल्हाळ’ व साठीच आलाय, होय ना?

आतल्या यमकाला जागाही लागते. ओळ वाचताना जिथे श्वास थांबतो तिथे ते पडलं तर कानाला कळतं. मधेच कुठेतरी पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अक्षरगणांच्या कडव्याबद्दल आणखी एक. पहिली ओळ तीन-तीन-दोन अशी पडते: दोराने / सोलले / हात. दुसरी चार-चार: वाळूवर / ढीग आठ. तिसरी परत तीन-तीन-दोन, चौथी परत चार-चार. यमक सैल असूनही कडवं सुटत नाही त्याचं एक कारण हे आहे. यमकही सैल आणि तालही वाकडा असता तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं की लिहिणारीला जमलं नाही. एक सैल सोडायचं तर दुसरं धरून ठेवावं.

निळा_मचवा

वेल्हाळ व साठीच होता. बाकी फरक समजला. पण सुरुवात जुळवण्यातही मजा असते हे माझं मत कायम आहे.

दर्याकाठची

अक्षरगण, कडवं वाचून अंगावर काटा आला. बाबांचं गप्प राहणं परत बाबांकडे आलं. तरी दोन गोष्टी विचारते.

‘ढीग आठ’ तुम्ही हाताला जोड म्हणून घेतलं असणार. योगायोगाने ते खरं आहे. त्या रापणीत आमच्या वाडीची आठ घरं होती आणि घरटी ढीग लावले होते. म्हणून राहू दे. सहा असते तर मी ‘आठ’ ठेवलं नसतं. वाडीतल्या बायका लगेच विचारतील, आठवं घर कोणाचं?

‘धाकटा वाटा’ मात्र मला खटकतं. धाकटा म्हणजे लहान. कमी मासळी मिळाली की सगळ्यांचेच वाटे लहान होतात. बाबांचा वाटा अर्धा होता, आणि तो का अर्धा होता ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गप्प राहण्याचं कारण तेच. मी असं लिहिलं तर?

अर्धाच आमचा वाटा,
गप्प बाबा, गप्प पाटी.

अक्षरगण

लिहा. हेच बरोबर. ‘धाकटा’ने कानाला एक आतलं यमक दिलं होतं, पण ‘अर्धाच’ सगळी गोष्ट सांगतो. अर्धा आणि वाटा दोन्ही आ वर संपतात, तेवढा धागा उरतोच. तीन-तीन-दोनही शाबूत राहिलं.

काफिया_माझा (चिपळूण)

मी गझल लिहितो, त्या बाजूने एक मुद्दा मांडतो. गझलेत मतला, म्हणजे पहिल्या शेराच्या दोन ओळी, पुढचा करार ठरवतात. मतल्यात वाटा–लाटा घेतलं तर टा आणि त्याआधीचा आ, ज्याला आम्ही अलामत म्हणतो, दोन्ही शेवटपर्यंत पाळावे लागतात. मग ‘छोटा’ आला की चूक. पण मतल्यातच वाटा–माथा घेतलं तर पुढे शेवटचा आ सांभाळला की पुरतं. त्याला स्वरकाफिया म्हणतात. तोच शब्द एका गझलेत चूक ठरतो आणि दुसऱ्या गझलेत बरोबर, ते केवळ मतल्यामुळे.

तुमच्या कवितेलाही हे लागू आहे. सैल यमक पहिल्या कडव्यातच आणलंत ते चांगलं झालं. चार कडवी घट्ट यमकात गेली असती आणि पाचव्यात वाटा–पाटी आलं असतं, तर लोकांना वाटलं असतं की शेवटी दमलात.

आणि एक सावधगिरी. फार जवळची व्यंजनं टाळा. ण आणि न, श आणि स. पाणी–आजोबांनी, आशा–वासा असं जुळवलं की ऐकणाऱ्याला सैल यमक ऐकू येत नाही, उच्चार चुकल्यासारखा वाटतो. थोडं अंतर हवं, म्हणजे ते मुद्दाम केलंय हे कळतं. त आणि ठ मध्ये ते अंतर आहे.

भरतीची_वेळ

ण–न बद्दल पूर्ण सहमत नाही. आमच्याकडच्या कित्येक जणांच्या बोलण्यात न आणि ण इतके जवळ आहेत की त्यांना ते घट्ट यमकच वाटतं. कविता कोणासाठी आहे त्यावर हे ठरेल.

काफिया_माझा

मुशायऱ्यात हे चालणार नाही. वाडीत चालेल, हे मान्य.

बांधावरचो_माड (कुडाळ)

सगळा वाचलंय. बरां वाटलां. माका यमकातला काय कळणा नाय, पण ‘गप्प पाटी’ वाचून आमचो बापूस डोळ्यांसमोर इलो. ह्या कवितेतला पुढचा पण टाका हो.

दर्याकाठची

पुढचं टाकते. दुसरं कडवं घरचं आहे. आधी लिहिलेलं असं होतं:

आई चुलीपाशी उभी
डोळ्यांमध्ये तिच्या पाणी
मासळीच्या रश्शातली
तीच जुनीच कहाणी

अक्षरगणांच्या रीतीने आधी गद्य लिहिलं. आई रडली नव्हती. तिने चार मासे बघितले, आम्ही घरात सहा जण, म्हणून तिने रश्शात पाणी वाढवलं. सगळ्यांना ते कळलं. कोणी काही म्हटलं नाही. बस्स.

म्हणजे पाणी रश्शातलं होतं. कहाणीशी जोडल्यावर ते डोळ्यांत गेलं! लाटा–वाटासारखंच झालं. आता असं केलंय:

आई वाढवते पाणी,
कुणी म्हणेना काहीच;
चार मासे, सहा ताटं,
रसा लालसर तोच.

अक्षरगण

पहिल्या दोन ओळी फार चांगल्या झाल्या आहेत. पाणी ओळीच्या शेवटी आणि लगेच पुढच्या ओळीच्या आरंभी कुणी. हे यमक आपल्या परंपरेत जुनंच आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं. तो अभंग दोन ओळींत छापला की एक यमक पहिल्या ओळीच्या शेवटी येतं आणि दुसरं पुढच्या ओळीच्या मध्यावर. ओळीच्या टोकाला यमक हवंच, ही सवय आपल्याला नंतर लागली.

तुम्ही शेवटच्या शब्दावरचा भार काढून घेतलात, म्हणून ‘पाणी’ आता साधं पाणी राहिलं. कुणी हा शब्द हलका आहे, तो पाण्याला कुठे ओढून नेत नाही.

काहीच–तोच मात्र टिकणार नाही. तिथे च जुळतो, आणि तो च कुठल्याही शब्दाला लावता येतो. क्रियापदांच्या टोकाला जातो–येतो, म्हणाली–निघाली जुळवतात तसंच हे. प्रत्यय जुळला, शब्द जुळले नाहीत. दोन शब्द समोरासमोर आलेच नाहीत.

भरतीची_वेळ

ओळींची जागा थोडी फिरवून बघा:

आई वाढवते पाणी,
कुणी काहीच म्हणेना;
चार मासे, सहा ताटं,
रसा पुरला की पुन्हा.

म्हणेना–पुन्हा. ना आणि न्हा सैल जुळतात, दोन्ही आ वर संपतात, म्हणून गायलं तरी चालेल.

पोफळीचा_पार

‘म्हणेना’ला वहीत ‘सोसवेना’ आणि ‘करमेना’ आहेत. पण आता मलाही कळतंय की ती इथे नकोत. पुन्हा छान आहे.

बांधावरचो_माड

रसा कित्याक? आमच्याकडे माशाची कढीच म्हणतत. ‘कढी पुरली की पुन्हा’ करा.

दर्याकाठची

कढी! घरात आम्हीही तेच म्हणतो, मी कवितेसाठी रसा लिहिलं होतं. अक्षरंही तेवढीच बसतात. घाटावरचे वाचतील तेव्हा त्यांना ताकाची कढी वाटेल, पण आधीच्या ओळीत मासे आहेत, त्यामुळे चुकणार नाहीत. कढी घेते.

भरतीची_वेळ, ओळ कानाला फारच गोड लागते. तरी ‘पुन्हा’वर अडले आहे. पुन्हा म्हटलं की हे रोजचं झालं, घरात नेहमीच तुटवडा असल्यासारखं. तसं नव्हतं. बाकीच्या दिवशी बाबांचा पूर्ण वाटा यायचा आणि आम्ही पोटभर जेवायचो. त्या एका दिवशीच असं झालं होतं, म्हणून तर लक्षात राहिलं. ‘पुन्हा’ यमकाने आणलंय.

भरतीची_वेळ

हो, यमकानेच आणलंय. पण मला अजूनही वाटतं की वाचणारा ‘पुन्हा’चा अर्थ इतका कडक घेणार नाही. ‘पुरली की पुन्हा’ म्हणजे शेवटी पुरलीच, एवढाच भाव जातो.

अक्षरगण

मी दर्याकाठची यांच्या बाजूने आहे. पहिल्या कडव्यात ‘धाकटा’ गेला तो याच कारणाने. इथे ‘पुन्हा’ ठेवला तर वाचणारा मागे जाऊन पहिलं कडवंही रोजच्या गरिबीचं समजून वाचेल, आणि ‘अर्धाच’चा नेमकेपणा जाईल.

म्हणेना कायम ठेवून चौथ्या ओळीला शेवटी आ वर संपणारा शब्द शोधा, पण त्या एकाच दिवसाचा. किंवा चौथ्या ओळीला यमक देऊच नका. पाणी–कुणी झालेलं आहे, आठ अक्षरांचा ताल आहे. ओवीतही पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा असतो. मोकळी_ओळ यांना ते आवडेल.

मोकळी_ओळ

आवडेल! एका ओळीपुरतं का होईना. माझी सूचना:

चार मासे, सहा ताटं,
कढी सगळ्यांना आली.

कसलंही यमक नाही.

झांजेचा_ठेका

‘कढी सगळ्यांना आली’ मी चालीत म्हणून बघितलं. शेवट लटकतो. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

मोकळी_ओळ

राहिल्यासारखं वाटावं हेच तर हवंय इथे. कमीच पडली होती ना ती.

दर्याकाठची

दोन्ही वहीत लिहून ठेवल्या आहेत. ‘कढी सगळ्यांना आली’ अर्थाला जवळ आहे, पण झांजेचा_ठेका म्हणतात तसं बायकांच्या कानाला ते लटकेल का हे मला इथे बसून कळत नाही. रविवारी वाडीत हळदीकुंकू आहे, तिथे दोन्ही तऱ्हेने वाचून बघते. त्या कुठल्या ओळीला मान हलवतात ते इथे येऊन लिहिते.

बांधावरचो_माड

आयेक पण वाचून दाखव गो.